विरळ शब्दाचा अर्थनिर्णय

विरळ शब्दाचा अर्थनिर्णय ही कोशरचना व ग्रंथसंपादन या शास्त्रांतील एक कार्यपद्धती होय. प्राचीन ग्रंथात मोजक्याच वेळा आलेल्या शब्दाचा अर्थ ठरविण्यापूर्वी त्याची सर्व स्थळे शब्दानुक्रमणिकेच्या साहाय्याने गोळा केली जातात, प्रत्येक स्थळी शब्दाच्या आजूबाजूला काय आहे याची नोंद केली जाते आणि त्यानंतरच कोश, जुनी भाषांतरे व भगिनीभाषा यांची साक्ष घेतली जाते. या क्रमाला महत्त्व आहे. आधी कोशातील अर्थ स्वीकारून मग स्थळे पाहिली, तर प्रत्येक स्थळ त्या अर्थाला जुळवून वाचले जाण्याचा संभव असतो.

ही पद्धती हिब्रू बायबलच्या अभ्यासात विशेष विकसित झाली. जुन्या कराराचा ग्रंथसंग्रह मर्यादित असून त्या काळातील हिब्रू भाषेचे अन्य लेखन फारच थोडे उपलब्ध आहे. त्यामुळे एकदा, दोनदा किंवा आठ-दहा वेळाच आढळणाऱ्या शब्दांची संख्या त्यात मोठी आहे. या लेखात 'रेएम' या प्राणिवाचक शब्दाच्या आधारे ही पद्धती स्पष्ट केली आहे. हा शब्द जुन्या करारात नऊ वेळा येतो. अनेक शतके त्याचे भाषांतर 'एकशिंगी प्राणी' असे होत असे. आज त्याचा अर्थ 'रानबैल' असा मानला जातो.

## साधने

कोश शब्दाचा अर्थ सांगतो, तर शब्दानुक्रमणिका शब्द कोठे कोठे आला आहे एवढेच सांगते. शब्दानुक्रमणिकेस कॉन्कॉर्डन्स असेही म्हणतात. तिच्यात प्रत्येक शब्दाखाली त्याची स्थळे ग्रंथक्रमाने दिलेली असतात आणि प्रत्येक स्थळापुढे मूळ वाक्याचा लहानसा तुकडा छापलेला असतो. कोशातील अर्थ हा कोशकाराचा निष्कर्ष असतो. शब्दानुक्रमणिकेत त्या निष्कर्षामागचा कच्चा पुरावा मिळतो.

हिब्रू बायबलची पहिली मोठी शब्दानुक्रमणिका इसाक नाथान बेन कालोनिमस यांनी पंधराव्या शतकात तयार केली व ती १५२३ मध्ये व्हेनिस येथे छापली गेली. सॉलोमन मांडेलकर्न यांची शब्दानुक्रमणिका १८९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची मांडणी धातूंनुसार आहे. जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० च्या इंग्रजी शब्दानुक्रमणिकेत प्रत्येक मूळ हिब्रू शब्दाला एक क्रमांक दिला आहे. त्यामुळे हिब्रू न जाणणाऱ्या वाचकालाही मूळ शब्दाची सर्व स्थळे शोधता येतात. रेएमचा क्रमांक ७२१४ आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराची, म्हणजे सेप्टुआजिंटची, शब्दानुक्रमणिका हॅच व रेडपाथ यांनी १८९७ पासून प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक ग्रीक शब्द कोणत्या हिब्रू शब्दासाठी वापरला आहे याचीही नोंद असते.

कोशांमध्ये विल्हेल्म गेसेनिअस यांचा एकोणिसाव्या शतकातील कोश, त्यावर आधारलेला ब्राउन, ड्रायव्हर व ब्रिग्ज यांचा १९०६ मध्ये पूर्ण झालेला कोश आणि विसाव्या शतकातील कोलर व बाउमगार्टनर यांचा कोश हे प्रमुख मानले जातात.

## प्रश्नाची पार्श्वभूमी

सेप्टुआजिंटच्या भाषांतरकारांनी रेएमसाठी बहुतेक ठिकाणी 'मोनोकेरोस' हा शब्द वापरला. त्याचा शब्दशः अर्थ 'एका शिंगाचा' असा होतो. ग्रीक वाचकांना असा प्राणी ऐकून माहीत होता. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास क्टेसिअस या ग्रीक लेखकाने भारतातील एकशिंगी रानगाढवांचे वर्णन केले होते, आणि त्या वर्णनामागे काही अंशी भारतीय गेंडा असावा असे मानले जाते.

जेरोमच्या लॅटिन भाषांतरात, म्हणजे व्हल्गेटमध्ये, हाच शब्द काही ठिकाणी 'गेंडा' तर काही ठिकाणी 'एकशिंगी' असा भाषांतरित झाला. ल्यूथरच्या जर्मन भाषांतरात व १६११ च्या इंग्रजी भाषांतरात एकशिंगी प्राणीच राहिला. १६११ च्या भाषांतरकारांना याबाबत शंका होती असे दिसते, कारण यशया ३४:७ येथे त्यांनी समासात 'किंवा गेंडे' अशी टीप दिली आहे. १८८५ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीत या सर्व स्थळी 'रानबैल' हा अर्थ स्वीकारला गेला.

## पहिला टप्पा : शब्दरूपे निश्चित करणे

स्थळे गोळा करण्यापूर्वी शब्द किती प्रकारांनी लिहिला गेला आहे हे पाहावे लागते. रेएम या शब्दात रेश, आलेफ व मेम ही तीन व्यंजने आहेत. आलेफचा उच्चार क्षीण असल्याने लिहिताना तो कधी कधी गळतो. नऊपैकी तीन स्थळी असे झाले आहे. ईयोबाच्या पुस्तकातील दोन्ही स्थळी आलेफ नसून त्याऐवजी योद हे अक्षर आहे, तर २२ व्या स्तोत्रातील अनेकवचनी रूपात आलेफ नाही. ९२ व्या स्तोत्रात आलेफ व योद ही दोन्ही अक्षरे आहेत.

ज्याने केवळ रेश-आलेफ-मेम या अक्षरांचा शोध घेतला त्याला आलेफ गळालेली ही तीन स्थळे सापडणार नाहीत. गळालेल्या तीन स्थळांत ईयोबाचा उतारा आहे, आणि या प्राण्याच्या स्वभावाचे सविस्तर वर्णन फक्त तेथेच आढळते. संगणकावरील शोधातही हाच धोका असतो. म्हणून अक्षरांऐवजी मूळ शब्दानुसार, म्हणजे कोशातील शीर्षशब्दानुसार, शोध घ्यावा लागतो.

याच्या उलट काही सारखी दिसणारी रूपे वगळावी लागतात. ईयोब २८:१८ व यहेज्केल २७:१६ येथे 'रामोत' हा शब्द मौल्यवान वस्तूंच्या यादीत येतो. त्यातही हीच तीन व्यंजने आहेत, परंतु तो पोवळ्यासारख्या एखाद्या मौल्यवान पदार्थाचा वाचक आहे. जखऱ्या १४:१० येथे याच अक्षरांचे एक क्रियापद 'उंच होणे' या अर्थाने आले आहे. रामोत नावाची गावेही आहेत. अशी रूपे यादीत राहिली, तर पुढील सर्व विवेचन बिघडते.

स्तोत्रांच्या बाबतीत क्रमांकांचीही काळजी घ्यावी लागते. हिब्रू आवृत्तीत काही स्तोत्रांच्या शीर्षकाला स्वतंत्र ओवीक्रमांक असतो, त्यामुळे इंग्रजी व मराठी आवृत्त्यांत तीच ओळ एक क्रमांक अलीकडे येते. ग्रीक व लॅटिन परंपरेत बहुतेक स्तोत्रांचे क्रमांकही एकाने कमी आहेत. एकच स्थळ दोनदा मोजले जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

## दुसरा टप्पा : स्थळांचा तक्ता

गाळणीनंतर नऊ स्थळे उरतात. पुढील तक्त्यात मराठी बायबलमधील क्रमांक दिले आहेत.

| स्थळ | रूप | शेजारी काय आहे |
|---|---|---|
| गणना २३:२२ | एकवचन | बलामाची वाणी. सामर्थ्याची उपमा |
| गणना २४:८ | एकवचन | तीच ओळ जवळजवळ जशीच्या तशी |
| अनुवाद ३३:१७ | एकवचन | योसेफाला आशीर्वाद. गोऱ्हा व शिंगे |
| ईयोब ३९:९ | एकवचन, आलेफरहित | चाकरी, गव्हाण |
| ईयोब ३९:१० | एकवचन, आलेफरहित | दोर, नांगराचे तास |
| स्तोत्र २२:२१ | अनेकवचन, आलेफरहित | शिंगे. कुत्रा व सिंह यांच्या सोबत |
| स्तोत्र २९:६ | अनेकवचन | वासराशी समांतर. रेएमचे पिलू |
| स्तोत्र ९२:१० | एकवचन, योदसहित | शिंग उंचावणे |
| यशया ३४:७ | अनेकवचन | बैल व गोऱ्हे यांच्या सोबत |

तक्ता पूर्ण झाल्यावर त्यातील किती स्थळे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे पाहिले जाते. गणनेतील दोन्ही स्थळी एकच ओळ पुन्हा आली आहे, त्यामुळे त्यांची साक्ष एकच ठरते. ईयोबातील दोन स्थळे एकाच वर्णनाचे भाग आहेत. म्हणजे नऊ स्थळांतून सात स्वतंत्र साक्षी मिळतात.

सर्व स्थळे पद्यात आहेत ही गोष्टही लक्षात घ्यावी लागते. हिब्रू काव्यात एका चरणातील कल्पना पुढच्या चरणात दुसऱ्या शब्दांनी मांडण्याची रीत आहे. या समांतर रचनेमुळे अपरिचित शब्दाचा अर्थ शेजारच्या परिचित शब्दावरून अजमावता येतो. मात्र दोन चरणांतील शब्द नेहमीच समानार्थी असतात असे नाही. कधी ते फक्त एकाच वर्गातील असतात.

## तिसरा टप्पा : प्रत्येक स्थळाची साक्ष

या टप्प्यावर प्रत्येक स्थळाला तीन प्रश्न विचारले जातात. हे स्थळ कोणता अर्थ आवश्यक ठरवते, कोणता अर्थ चालवून घेते आणि कोणता अर्थ अशक्य ठरवते? सातही साक्षींचे वजन सारखे नसते.

अनुवाद ३३:१७. येथे योसेफाच्या वैभवाची तुलना पहिल्या गोऱ्ह्याशी केली असून त्याची शिंगे रेएमच्या शिंगांसारखी आहेत असे म्हटले आहे. 'शिंगे' हा शब्द अनेकवचनी आहे, तर 'रेएम' एकवचनी आहे. पुढे ही शिंगे म्हणजे एफ्राइम व मनश्शे हे योसेफाचे दोन वंश होत, असा उलगडाही येतो. एका प्राण्याला दोन शिंगे असल्याखेरीज ही उपमा उभीच राहत नाही. म्हणजे हे एकच स्थळ 'एकशिंगी' हा अर्थ अशक्य ठरवते. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी ही अडचण टाळण्यासाठी मजकुरात प्राण्याचे अनेकवचन केले, पण मूळ हिब्रूत एकवचन आहे हे समासात प्रामाणिकपणे नोंदविले.

ईयोब ३९:९-१२. या उताऱ्यात ईयोबाला प्रश्न विचारले आहेत. रेएम तुझी चाकरी करील काय, गव्हाणीपाशी रात्र काढील काय, त्याला दोराने बांधून तास पाडता येतील काय, त्याच्या मोठ्या बळावर विसंबून धान्य खळ्यात आणता येईल काय, असा त्यांचा आशय आहे. ही सर्व बैलाची कामे आहेत. उताऱ्याची जागाही अर्थपूर्ण आहे. त्याच्या लगेच आधी हाकणाऱ्याला न जुमानणाऱ्या रानगाढवाचे वर्णन येते. रानगाढव हे पाळीव गाढवाचे मोकळे भावंड आहे. त्याच न्यायाने रेएम हे पाळीव बैलाचे मोकळे भावंड असावे, असे उताऱ्याच्या रचनेवरून दिसते.

स्तोत्र २२. या स्तोत्रात संकटग्रस्त माणूस आपल्या शत्रूंना आधी बैल, मग सिंह आणि मग कुत्रे म्हणतो. शेवटी सुटकेची याचना करताना तो हीच यादी उलट क्रमाने घेतो : कुत्रा, सिंह आणि रेएमची शिंगे. पहिल्या यादीत जेथे बैल होते, त्याच जागी दुसऱ्या यादीत रेएम येतो. केवळ एक ओवी पाहणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. शब्दानुक्रमणिकेतील तुकडा वाचून न थांबता संपूर्ण उतारा वाचावा, हा नियम अशा स्थळांमुळेच पाळला जातो.

स्तोत्र २९:६ व यशया ३४:७. पहिल्या स्थळी लेबानोन पर्वत वासरासारखा उड्या मारतो व सिर्योन रेएमच्या पिलासारखा, अशी समांतर रचना आहे. दुसऱ्या स्थळी अदोम देशातील संहाराचे वर्णन असून तेथे रेएम बैल व गोऱ्ह्यांबरोबर पडतात. दोन्ही ठिकाणी शेजारी गुरेच आहेत. ही साक्ष अर्थ सिद्ध करीत नाही, परंतु त्याला पुष्टी देते.

गणना २३:२२, २४:८. येथे रेएम सामर्थ्याची उपमा म्हणून येतो, पण त्याच्याशी जोडलेला 'तोआफोत' हा शब्दही विरळ आहे. तो जुन्या करारात चारच ठिकाणी आढळतो : या दोन ओळींत, ईयोब २२:२५ मध्ये व ९५ व्या स्तोत्रात. त्याचा अर्थ काहींनी 'बळ', काहींनी 'शिंगे' तर काहींनी 'उंची' असा लावला आहे. एका अनिश्चित शब्दाने दुसरा अनिश्चित शब्द ठरविता येत नाही, म्हणून ही साक्ष बाजूला ठेवली जाते.

स्तोत्र ९२:१०. येथे बोलणारा आपले शिंग रेएमसारखे उंचावले गेल्याचे सांगतो. 'शिंग' हा शब्द एकवचनी असल्याने एकशिंगी अर्थाच्या बाजूने हे स्थळ पुढे केले जाई. परंतु एकवचनी शिंग येथे माणसाचे आहे. प्रतिष्ठा व सामर्थ्य या अर्थाने 'माझे शिंग' हा हिब्रूतील रूढ वाक्प्रयोग आहे आणि तेथे एकवचनच येते. त्यामुळे हे स्थळ प्राण्याच्या शिंगांच्या संख्येबाबत तटस्थ ठरते.

सर्व साक्षी एकत्र घेतल्या असता पुढील गोष्टी निश्चित होतात : रेएमला दोन शिंगे आहेत, तो अत्यंत बलवान आहे, माणसाच्या कामाला जुंपता येत नाही आणि गुरांच्या वर्गात मोडतो. हा निष्कर्ष कोणताही कोश न उघडता मिळतो.

## चौथा टप्पा : जुन्या भाषांतरांची उलटतपासणी

जुनी भाषांतरे मूळ भाषेच्या जवळच्या काळातील असल्याने त्यांची साक्ष मौल्यवान असते, पण ती सुसंगत आहे की नाही हे तपासावे लागते. सेप्टुआजिंटमध्ये रेएमसाठी सात ठिकाणी 'मोनोकेरोस' येतो. ईयोब ३९:१० मध्ये प्राण्याचे नाव पुन्हा घेतलेले नाही. यशया ३४:७ येथे 'धष्टपुष्ट' अशा अर्थाचा वेगळाच शब्द आहे. यशयाच्या भाषांतरकाराला ही प्रचलित कल्पना माहीत नव्हती किंवा मान्य नव्हती, असे त्यावरून म्हणता येते.

हॅच व रेडपाथ यांच्या शब्दानुक्रमणिकेत 'मोनोकेरोस' हा ग्रीक शब्द उलट दिशेने पाहिला की आणखी एक स्थळ सापडते. ७८ व्या स्तोत्राच्या ६९ व्या ओवीत पवित्रस्थान 'रामीम', म्हणजे उंच स्थानांसारखे, बांधल्याचे म्हटले आहे. ग्रीक भाषांतरात तेथे एकशिंगी प्राणी आले आहेत. भाषांतरकाराने 'रामीम' हा शब्द रेएमचे आलेफ गळालेले अनेकवचन समजून वाचला, हे उघड आहे. २२ व्या स्तोत्रातील रूप खरोखरच तसे असल्याने चूक समजण्यासारखी आहे. परंतु त्यातून असेही दिसते की 'रेएम म्हणजे मोनोकेरोस' हे समीकरण भाषांतरकार संदर्भ न पाहता यांत्रिकपणे वापरीत होता.

व्हल्गेटमधील 'गेंडा' व 'एकशिंगी' या भेदामागेही असेच कारण आहे. गणना, अनुवाद व ईयोब येथे 'गेंडा' आहे, तर प्रचलित लॅटिन स्तोत्रसंहिता ग्रीकवरून केलेली असल्याने तेथे 'एकशिंगी' राहिला. एकाच ग्रंथातील दोन भिन्न शब्द पाहून मूळातही दोन प्राणी असावेत असा समज होऊ शकतो. मूळ शब्दाची अनुक्रमणिका पाहिल्यावर तो दूर होतो.

## पाचवा टप्पा : भगिनीभाषांची साक्ष

हिब्रूच्या भगिनीभाषांत या शब्दाची दोन रूपे महत्त्वाची आहेत, आणि ती वेगवेगळ्या दिशा दाखवितात.

अरबीत 'रीम' हा शब्द पांढऱ्या हरणासाठी वापरला जातो. त्यावरून सतराव्या शतकात सॅम्युएल बोशार यांनी बायबलमधील प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात रेएम म्हणजे ओरिक्स जातीचे हरीण असावे असे मत मांडले. ओरिक्सला दोन लांब शिंगे असतात व बाजूने पाहता ती एकच भासतात, त्यामुळे हे मत आकर्षक होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कीलाकार लिपी वाचता येऊ लागल्यावर अक्कादी भाषेतील 'रीमु' हा शब्द समोर आला. अक्कादीत त्याचा अर्थ रानबैल असा आहे. असिरियन राजे आपल्या शिलालेखांत रीमुच्या शिकारीचा अभिमानाने उल्लेख करतात. निमरूद येथील राजवाड्यातून मिळालेल्या व आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या एका शिल्पपटात दुसरा अशुरनासिरपाल हा राजा रथातून अशा बैलाची शिकार करताना दाखविला आहे. हा प्राणी म्हणजे आजच्या गुरांचा पूर्वज असलेला ऑरॉक्स होय. त्याचे शास्त्रीय नाव बॉस प्रिमिजेनियस असे असून शेवटचा ऑरॉक्स १६२७ मध्ये पोलंडमध्ये मेला.

केवळ व्युत्पत्तीच्या आधारे अरबी व अक्कादी यांतून निवड करणे अवघड झाले असते, कारण दोन्ही शब्द रेएमचे खरे सगोत्र आहेत. एकाच मूळ शब्दाने दोन प्रदेशांत दोन निराळे प्राणी दाखविले जाऊ लागले, एवढेच त्यातून कळते. निवड शक्य होते ती आधीच तयार झालेल्या तक्त्यामुळे. हरणाला नांगराला जुंपण्याची कल्पना ईयोबाच्या उपरोधाला शोभत नाही आणि २२ व्या स्तोत्रातील बैलांची जागाही हरीण घेऊ शकत नाही. रानबैल मात्र सातही साक्षींशी जुळतो.

कोशांतील नोंदींचा प्रवासही याच दिशेने झाला. गेसेनिअस यांनी संदर्भांवरून रेएम गोकुळातला असल्याचे ओळखले होते, पण त्यांनी तो म्हैसवर्गीय प्राणी मानला. अक्कादी पुरावा आल्यानंतरच्या कोशांत 'रानबैल' हा अर्थ स्थिर झाला. संदर्भांनी प्राण्याचा वर्ग दिला व भगिनीभाषेने त्यातील नेमका प्राणी दाखविला, असे या दोहोंच्या कार्याचे विभाजन सांगता येईल.

## मर्यादा

स्थळांची संख्या कमी होत जाते तशी या पद्धतीची शक्तीही कमी होते. 'तेओ' हा दुसरा प्राणिवाचक शब्द जुन्या करारात दोनदाच येतो. अनुवाद १४:५ येथे तो खाण्यास योग्य प्राण्यांच्या यादीत आहे आणि यशया ५१:२० येथे जाळ्यात सापडलेला आहे. दोन्ही स्थळे मिळून एवढेच कळते की हा खाद्य व जाळ्यात धरता येणारा प्राणी आहे. हरीण, रानमेंढा व रानबैल हे सर्व त्यात बसतात. अशा वेळी प्रामाणिक कोशकार अर्थापुढे प्रश्नचिन्ह ठेवतो.

याच शब्दामुळे भाषांतरावरून केलेल्या शब्दानुक्रमणिकेचा धोकाही दिसतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात 'रानबैल' या अर्थाचे शब्द तेओसाठी वापरले आहेत, रेएमसाठी नव्हे. इंग्रजी शब्दावरून शोध घेणाऱ्याला रानबैलाची जी दोन स्थळे मिळतील, त्यांत रेएमचे एकही नसेल.

शब्द एकदाच आला असेल तर अनुक्रमणिकेचा उपयोग तो खरोखर एकदाच आला आहे हे सिद्ध करण्यापुरता राहतो. १ शमुवेल १३:२१ येथील 'पीम' हा असा शब्द आहे. शेतीची अवजारे धार लावण्यासाठी पलिष्ट्यांकडे न्यावी लागत, या वर्णनात तो येतो. जुन्या इंग्रजी भाषांतरात त्याचा अर्थ 'कानस' असा केला होता. विसाव्या शतकात पॅलेस्टाइनमधील उत्खननांत हाच शब्द कोरलेली लहान दगडी वजने मिळाली. त्यांचे वजन सुमारे साडेसात ते आठ ग्रॅम, म्हणजे शेकेलच्या साधारण दोन-तृतीयांश, आहे. त्यामुळे 'पीम' हे धार लावण्याच्या मजुरीचे माप असल्याचे स्पष्ट झाले. हा अर्थ कितीही अनुक्रमणिका चाळून मिळाला नसता.

आणखी एक मर्यादा अशी की सर्व स्थळी शब्दाचा अर्थ एकच असलाच पाहिजे असे नाही. रेएमच्या बाबतीत सातही साक्षी एका अर्थाने समाधानकारक लागतात, म्हणून एकच अर्थ मानला जातो. एखादे स्थळ जुळत नसेल तर त्याला ओढूनताणून बसविण्याऐवजी ते वेगळे नोंदविणे हा मान्य संकेत आहे.

## भारतातील कार्य

ऋग्वेदाच्या अभ्यासात हेरमान ग्रासमान यांचा १८७३ चा जर्मन कोश याच तत्त्वावर रचलेला आहे. त्यात अर्थाबरोबर शब्दरूपांची ऋग्वेदातील स्थळे दिली असल्याने तो कोश व शब्दानुक्रमणिका या दोन्हींचे काम करतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे कार्य सुरू केले. त्यासाठी संस्कृत ग्रंथांतील शब्दांच्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, त्याचे स्थळ व संदर्भ नोंदविलेला असतो. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या शब्दाची नोंद लिहिण्यापूर्वी त्याच्या सर्व चिठ्ठ्या कालक्रमाने लावल्या जातात. रेएमच्या तक्त्याचे हेच विस्तृत रूप होय.

मराठीत पंडिता रमाबाई यांनी केडगाव येथे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे भाषांतर केले. ते १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले.